मध्येच भिशी सोडणाऱ्या सभासदाचा हिशेब कसा पुरा करावा

मालवण, वेंगुर्ले, देवगड या पट्ट्यात जानेवारीत सुरू झालेल्या भिशीला ताण पडतो तो बहुधा जूनमध्ये. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते, आंब्याचा हंगाम आटोपलेला असतो, शाळेची फी, वह्या-पुस्तके आणि छत्र्यांचा खर्च याच दिवसांत येतो, आणि मग कुणीतरी भिशी चालवणाऱ्या बाईकडे येऊन सांगते, ‘काकी, माका पुढल्या म्हयन्यापासून हप्तो भरूक जमाचा नाय.’ काकी एवढ्यासाठी तिला दोष देत नाहीत. अडचण पुढच्या प्रश्नाची असते: ‘आतापर्यंत भरलेले माझे पैसे कधी मिळतील?’ या प्रश्नाला ‘बघू, शेवटी देऊ’ असे उत्तर दिले की तिथूनच भांडणाची सुरुवात होते. म्हणून हा हिशेब नेमका कसा मांडायचा, कुणाकडून किती घ्यायचे आणि ते केव्हा द्यायचे, हे एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून या लेखात सांगत आहे.

उदाहरण साध्या, चिठ्ठी काढून लागणाऱ्या भिशीचे घेऊ. बारा बायका, दरमहा प्रत्येकीचा हप्ता २,००० रुपये, महिन्याला जमणारी रक्कम २४,००० रुपये. जानेवारीची भिशी रीतीप्रमाणे चालवणाऱ्या काकींनी स्वतः उचलली आहे, आणि फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत चिठ्ठीने चार जणींना भिशी लागली आहे. जूनची चिठ्ठी निघण्याआधी, नवरा ट्रॉलरवर कामाला असलेली एक सभासद भिशी सोडायची म्हणते. तिने पाच हप्ते, म्हणजे १०,००० रुपये भरले आहेत आणि तिला भिशी अजून लागलेली नाही.

पैसे आहेत कुठे?

काकींच्या कपाटात तिचे दहा हजार पडून आहेत असे निघणाऱ्या बाईला वाटत असते, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे, कारण तिने ते काकींच्याच हातात दिलेले असतात. प्रत्यक्षात भिशीत पैसा साठत नाही. जानेवारीत दिलेले तिचे २,००० काकींनी उचललेल्या रकमेत गेले, फेब्रुवारीचे २,००० फेब्रुवारीत भिशी लागलेल्या बाईकडे गेले, आणि असेच मेपर्यंत. म्हणजे तिचे दहा हजार आज पाच घरांत दोन-दोन हजार असे वाटलेले आहेत. त्या पाच जणींना मिळालेल्या २४,००० पैकी २,००० तिचे होते, आणि त्यांची परतफेड पुढे तिच्या नावाची भिशी लागेल त्या महिन्यात आपला हप्ता भरून त्या करणार होत्या.

संपूर्ण हिशेब या एका गोष्टीवर उभा आहे: ज्यांच्या उचलीत तिचे पैसे गेले, त्यांच्याकडूनच ते परत यायचे. उरलेल्या ज्या सहा जणींना भिशी लागलेली नाही, त्यांच्याकडे तिचा एक रुपयाही गेलेला नाही, त्यामुळे त्यांच्यावर तिच्या परताव्याचा भार टाकता येत नाही. प्रत्यक्षात मात्र अनेकदा उलटेच होते. काकींना संकोच वाटतो, म्हणून त्या जूनच्या जमलेल्या रकमेतून दहा हजार काढून निघणारीला देतात आणि जूनची चिठ्ठी लागलेल्या बाईच्या हाती बारा हजार ठेवून ‘बाकीचे नंतर’ म्हणतात. निघणारीची तक्रार मिटते, पण जिचा यात काहीच संबंध नव्हता अशी दुसरी बाई तिच्या जागी अडकते, आणि तिथून पुढे प्रत्येक महिन्याची रक्कम अपुरी पडत जाते.

आधी खात्री करा: सोडायची आहे की थांबायचे आहे

निघायचे म्हणणाऱ्या बाईशी पहिले बोलणे हेच असावे. बंदीचे दोन महिने संपले की घरात पुन्हा पैसा येणार असेल, तर तिला भिशी सोडण्याची गरज नसते, जून आणि जुलैचे दोन हप्ते पुढे ढकलण्याची गरज असते. अशा वेळी जून आणि जुलैत भिशी लागलेल्या दोघींना २४,००० ऐवजी २२,००० मिळतात, आणि ती बाई त्या दोघींचे प्रत्येकी २,००० देणे लागते. ऑगस्टपासून आपल्या नेहमीच्या हप्त्याबरोबर ठरलेली जादा रक्कम देऊन ती हे देणे फेडू शकते. मात्र त्या दोघींची संमती आधी घ्यावी लागते. तसेच देणे फिटेपर्यंत तिची चिठ्ठी डब्यात घालावी की नाही, हेही त्याच बैठकीत ठरवावे. माझ्या मते घालू नये, कारण थकबाकी असताना तिलाच भिशी लागली तर ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांना ते सहन होत नाही, आणि त्यांचे म्हणणे चुकीचेही नसते.

सोडण्याचा निर्णय पक्का असेल, तर तो पुढची चिठ्ठी निघण्याच्या आधी सांगितला गेला पाहिजे. जूनची चिठ्ठी निघून रक्कम वाटल्यावर कुणी ‘माझा जूनचा हप्ता नाही’ म्हणाले, तर ते सोडणे नव्हे, तो थकवलेला हप्ता आहे. ती भरपाई तिच्या परताव्यातून आधी कापावी लागते.

पहिला मार्ग: जागेवर दुसरी बाई

सर्वांत सोपा आणि कुणाचाही हप्ता न बदलणारा मार्ग म्हणजे तिच्या जागी नवी सभासद घेणे. नव्या सभासदाने निघणारीला तिचे १०,००० रुपये द्यायचे आणि जूनपासून डिसेंबरपर्यंतचे सात हप्ते, म्हणजे १४,००० रुपये भरायचे. तिचेही एकूण २४,००० होतात आणि तिला २४,००० रुपयांची भिशी मिळते. जूनमध्ये अशी बाई मिळणे वाटते तितके अवघड नसते, कारण गणपती पुढे दोन-तीन महिन्यांवर आलेले असतात आणि चतुर्थीच्या आधी एकरकमी पैसे हातात येण्याची शक्यता अनेकींना हवी असते.

एवढी रक्कम एकदम देणारी कुणी मिळाली नाही, तर दोघी मिळून अर्धे-अर्धे नाव घेऊ शकतात. प्रत्येकीने आता ५,००० आणि दरमहा १,००० द्यायचे व भिशी लागली की निम्मी-निम्मी वाटून घ्यायची. त्यातली एक पुढे थकली तर जबाबदारी दोघींची राहील, असे मात्र वहीत लिहून घ्यावे. आधीच्याच एखाद्या सभासदाने दुसरे नाव घेणे हाही पर्याय आहे, पण इथे काकींनी सावध राहावे. दोन्ही भिश्या लागून गेल्यावर त्या बाईला दरमहा ४,००० भरायचे असतात, आणि ती थकली तर एकाच वेळी दोन हप्त्यांचे खिंडार पडते.

नवी सभासद दहा हजारांपैकी निम्मेच आता देऊ शकत असेल, तर उरलेले ५,००० तिची भिशी लागेल तेव्हा काकींनी परस्पर कापून निघून गेलेल्या बाईला द्यावेत आणि नवीच्या हाती १९,००० ठेवावेत. तिची चिठ्ठी डिसेंबरपर्यंत निघालीच नाही तर निघून गेलेली बाई सहा महिने ताटकळत राहते, म्हणून ‘भिशी लागेल तेव्हा किंवा दिवाळीपर्यंत, जे आधी होईल ते’ अशी अट घालावी.

पैसे नवीने निघणारीला काकींच्या समोर द्यावेत. दोघींनी आपापसात परस्पर व्यवहार उरकला आणि काकींना नुसता फोन करून कळवले, तर पुढे ‘मी आठच दिले होते’ की ‘दहा दिले होते’ याचा पुरावा कुणाकडेच राहत नाही.

दुसरा मार्ग: बदली न मिळाल्यास भिशी एका महिन्याने आखडणे

इथे काकींना खरा हिशेब मांडावा लागतो. आता अकरा जणी उरल्या, त्यामुळे जूनपासून जमणारी रक्कम २२,००० होते. भिशी न लागलेल्या सहा जणी आहेत, म्हणजे जून ते नोव्हेंबर या सहा महिन्यांत त्या सर्वांची भिशी लागून होते आणि डिसेंबरची गरज राहत नाही. या सहा जणींनी अकरा हप्ते, म्हणजे २२,००० रुपये भरले आणि २२,००० उचलले. त्यांचा हिशेब चोख झाला.

पहिल्या पाच जणींचे काय? त्यांनीही नोव्हेंबरपर्यंत २२,००० भरले, पण उचलले मात्र २४,०००. प्रत्येकीकडे २,००० जास्त गेले आहेत, आणि हे तेच २,००० आहेत जे निघालेल्या बाईने त्यांच्या उचलीत घातले होते. म्हणून डिसेंबरचा हप्ता फक्त या पाच जणींनी भरायचा. पाच गुणिले दोन हजार म्हणजे दहा हजार, ती रक्कम निघालेल्या बाईला द्यायची आणि भिशी बंद करायची. कुणाचे एक पैशाचेही नुकसान होत नाही आणि काकींना पदरचे काही घालावे लागत नाही.

कागदावर हे निर्दोष आहे, पण व्यवहारात एक धोका आहे. डिसेंबरपर्यंत ज्यांची भिशी बाकी आहे असे कुणीच उरत नाही, त्यामुळे पहिल्या पाच जणींवर बाकीच्यांचा दबाव नसतो, आणि ‘भिशी तर संपली’ म्हणून एक-दोघी टाळाटाळ करतात. म्हणून हा शेवटचा हप्ता आधीच पसरवून घेणे मला अधिक योग्य वाटते. जुलै ते नोव्हेंबर या पाच महिन्यांत त्या पाच जणींनी २,००० ऐवजी २,४०० भरावेत. मग दर महिन्याला पाच जणींचे १२,००० आणि सहा जणींचे १२,००० असे एकूण २४,००० जमतात. त्यातले २२,००० त्या महिन्यात भिशी लागलेल्या बाईला आणि २,००० निघालेल्या बाईला द्यायचे. तिने ज्या गतीने पैसे भरले, त्याच गतीने ते तिला परत मिळतात आणि नोव्हेंबरमध्ये सर्वांचा हिशेब एकाच दिवशी संपतो. पहिला जादा हप्ता काकींनी स्वतःचा, सर्वांसमोर ठेवावा. जानेवारीची उचल त्यांचीच होती, त्यामुळे देणेकऱ्यांच्या यादीत पहिले नाव त्यांचेच आहे, आणि ते त्यांनी मान्य केले की उरलेल्या चौघींशी बोलणे सोपे जाते.

बरोबर झाले की नाही हे तपासण्यासाठी वहीच्या शेवटी दोन बेरजा कराव्यात. जमा बाजूला: जानेवारी ते मे १,२०,०००, जून २२,००० आणि जुलै ते नोव्हेंबर १,२०,०००, म्हणजे एकूण २,६२,०००. वाटप बाजूला: पहिल्या पाच जणींना १,२०,०००, नंतरच्या सहा जणींना १,३२,००० आणि निघालेल्या बाईला १०,०००, म्हणजे पुन्हा २,६२,०००. या दोन आकड्यांत फरक आला तर कुणाचा तरी हप्ता लिहायचा राहिला आहे किंवा कुणाला तरी चुकीची रक्कम गेली आहे. तो शोधल्याशिवाय पुढची चिठ्ठी काढू नये.

उरलेल्या सहा जणींना जूनच्या बैठकीतच स्पष्ट सांगायला हवे की त्यांच्या हाती आता २४,००० नव्हे, २२,००० येतील, आणि त्यांचा एक हप्ताही कमी होईल. ‘माझे दोन हजार गेले’ असा समज झाला तर तो पुढचे सहा महिने टिकतो. गणपतीत मिळणाऱ्या रकमेवर कुणी घराच्या रंगकामाचा किंवा मुंबईहून येणाऱ्या माणसांच्या सरबराईचा खर्च आधीच ठरवलेला असतो, त्यामुळे ही गोष्ट आधी कळणे तिच्यासाठी महत्त्वाचे आहे.

चिठ्ठीचा डबा आणि वही

डब्यात या क्षणी सात चिठ्ठ्या आहेत. निघणारीची चिठ्ठी सर्वांसमोर उघडून, नाव वाचून दाखवून बाजूला काढावी आणि उरलेल्या सहा मोजून पुन्हा घालाव्यात. हे काम काकींनी घरी एकटीने केले, तर नंतर कुणाची भिशी उशिरा लागली की ‘माझी चिठ्ठी डब्यात होती का?’ अशी शंका येते, आणि ती निवारण्याचा उपाय उरत नाही.

वहीत नावे उभी आणि महिने आडवे असतात, हप्ता भरला की खूण आणि भिशी लागली की त्या घराभोवती गोल, ही पद्धत बहुतेक ठिकाणी आहे. निघणारीच्या ओळीत जूनच्या घरात ‘सोडली’ असे लिहून तारीख घालावी. तिचे नाव खोडू नये, कारण तिच्या पाच खुणा हाच तिच्या दहा हजारांचा पुरावा आहे. मग पुढच्या पानावर असा मजकूर लिहावा:

‘आज दिनांक ____ रोजी श्रीमती ____ या भिशीतून निघाल्या आहेत. त्यांनी जानेवारी ते मे असे पाच हप्ते, एकूण रुपये १०,००० भरले आहेत व त्यांना भिशी लागलेली नाही. ही रक्कम जुलै ते नोव्हेंबर दरमहा रुपये २,००० याप्रमाणे, चिठ्ठीच्या दिवशी, त्यांना देण्याचे ठरले आहे. पूर्ण रक्कम मिळाल्यावर त्यांचा या भिशीवर कोणताही हक्क राहणार नाही.’

खाली निघणारीची, काकींची, पहिल्या पाच जणींची आणि बाकीच्यांपैकी दोघींची सही घ्यावी व पानाचा फोटो सर्वांनी आपल्या फोनमध्ये ठेवावा. परतावा शक्यतो यूपीआयने किंवा बँक खात्यात द्यावा म्हणजे तारखेसह नोंद राहते. रोख द्यायचा असेल तर दर वेळी वहीत सही घ्यावी.

काय कापावे, काय कापू नये

सुरुवातीला ठरलेले नसताना ऐनवेळी ‘मध्येच सोडलीस म्हणून एक हप्ता बुडाला’ असा दंड लावणे मला अन्यायाचे वाटते. दंड घेतला तर तो पैसा जाणार कुणाला, या प्रश्नाला काकींकडे उत्तर नसते, कारण वरच्या हिशेबात कुणाचे नुकसान झालेलेच नाही. उशिराचा ठरलेला दंड थकला असेल किंवा चहापाण्याची वर्गणी बाकी असेल तर तेवढी कापावी. दुसऱ्या बाजूने, निघणारीनेही व्याज मागू नये. बिनव्याजी हप्ता हा या भिशीचा मूळ करार आहे आणि उशिरा भिशी लागलेल्या बाकीच्या बायकाही व्याजाशिवायच थांबलेल्या असतात.

बोलीच्या भिशीत रक्कम काढताना विशेष काळजी घ्यावी. समजा मार्चमध्ये एकीने ३,००० सोडून २१,००० ला भिशी उचलली, तर त्या महिन्यात प्रत्येकीने २,००० ऐवजी १,७५० च भरले. निघणारीला मार्चसाठी १,७५० च परत मिळतील, आणि मार्चमध्ये भिशी उचललेल्या बाईकडून तेवढेच यायचे आहेत. ‘पाच महिने गुणिले दोन हजार’ असा सरसकट हिशेब केला तर तिने न भरलेले पैसेही तिला द्यावे लागतील.

नोंदणीकृत चिट फंडात गोष्ट वेगळी असते. तिथे १९८२ चा चिट फंड कायदा लागू होतो. एखाद्या थकलेल्या सभासदाच्या जागी दुसरा घेतला तर पहिल्याने भरलेली रक्कम, करारात ठरलेली वजावट करून, बँकेत वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. चालकाचे कमिशनही २०१९ च्या दुरुस्तीनंतर जास्तीत जास्त ७ टक्के आहे. ओळखीच्या बारा बायकांच्या भिशीत असे कमिशन नसते आणि दाद मागण्याची वाटही तितकी सरळ नसते, म्हणूनच वहीतले ते पान आणि सह्या इतक्या महत्त्वाच्या आहेत. अनोळखी लोकांकडून किंवा मोठ्या रकमा घेऊन एकाच वेळी अनेक भिश्या चालवायच्या असतील, तर आधी नोंदणीची चौकशी करावी.

भिशी उचलून झाल्यावर निघायचे असेल तर

हीच बाई मार्चमध्ये भिशी उचलून जूनमध्ये ‘मी निघते’ म्हणाली असती, तर तिला काही परत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. तिने १०,००० भरले आणि २४,००० उचलले, त्यामुळे उरलेले १४,००० तिचे देणे आहे. ते भिशी न लागलेल्या सात जणींचे प्रत्येकी २,००० आहेत. अशा वेळी काकींनी दोनच पर्याय ठेवावेत: डिसेंबरपर्यंत दर महिन्याला २,००० भरत राहणे, किंवा चौदा हजार एकदम देऊन मोकळे होणे. एकरकमी दिले तर ते पैसे काकींनी घरखर्चात मिसळू न देता बँकेत ठेवावेत आणि दर महिन्याला त्यातले २,००० काढून त्या महिन्याच्या रकमेत घालावेत. कुणी गाव सोडून मुंबईला राहायला जाणार असेल, तर जाण्याआधी उरलेल्या महिन्यांच्या हप्त्यांची जबाबदारी गावात राहणाऱ्या एखाद्या नातेवाईकाकडून वहीत सहीने लिहून घ्यावी, आणि ही सही भिशी लागली त्याच दिवशी, रक्कम हातात देण्यापूर्वी घेण्याची पद्धत ठेवली तर जूनमध्ये त्यासाठी कुणाच्या दारात जावे लागत नाही.